तारीख मोजू नकोस, पट्टी बघ

*ताई, मी 28 वर्षांचा, सांगलीत एका बँकेत नोकरीला आहे. आमचं चार वर्षांचं नातं जूनच्या मध्याला तुटलं. तिच्या घरी जात आडवी आली, आणि एमपीएससीच्या अभ्यासाला पुण्याला गेल्यावर तिचंही मन बदलत गेलं असावं. पाऊस आला की ती बोलता बोलता थांबायची, लिंबू पिळल्याशिवाय भडंग खायची नाही, असलं काहीबाही अजून आठवतं. आज सात आठवडे झाले. मध्ये एका साखरपुड्यात मिरजेच्या एका मुलीशी ओळख झाली. तीनदा भेटलो. मुलगी छान आहे. तिच्याबरोबर बरं वाटतं, पण घरी आलो की रात्री जुने चॅट वाचत बसतो. गेल्या रविवारी आम्ही हरिपूरला गेलो होतो, तिथं जुनंच नाव तोंडात येता येता राहिलं. मित्र म्हणतात, काट्यानं काटा काढ. बहीण म्हणते, सहा महिने कुणाकडं बघू नकोस. किती थांबायचं असतं? आणि हिला खरं सांगू का? सांगितलं तर जाईल अशी भीती वाटते.*
*— नाव नको, विश्रामबाग*

अरे बाबा, हा सहा महिन्यांचा आकडा कुठून आणला ते बहिणीला विचार जरा. आपल्याला सुतकाची सवय आहे. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, सगळं तारखेवर. माणूस गेलं की किती दिवस गोडधोड करायचं नाही हे ठरलेलं असतं, आणि ते बरंही असतं, कारण घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी मोकळं होता येतं. पण मोडलेल्या प्रेमाला सुतक नाही. कुणी म्हणतं सहा महिने, कुणी म्हणतं जितकं नातं होतं त्याच्या निम्मा काळ. म्हणजे तुला दोन वर्षं! हे सगळे पारावरचे हिशोब आहेत.

ज्यांनी हा प्रश्न खरोखर तपासला त्यांना भलतंच काही दिसलं. क्लॉडिया ब्रंबॉ आणि ख्रिस फ्रेली या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2015 सालचा एक अभ्यास आहे. नातं तुटल्यावर जे लवकर दुसऱ्या नात्यात गेले त्यांचं वाटोळं झालेलं त्यांना दिसलं नाही. उलट अशा लोकांना स्वतःबद्दल जास्त भरवसा होता आणि जुन्या माणसाचा विषय त्यांच्यापुरता बराचसा मिटलेला होता. त्याआधी 2007 मध्ये समाजशास्त्रज्ञ निकोलस वुल्फिंगर यांनी घटस्फोटानंतरच्या दुसऱ्या लग्नांचा हिशोब मांडला होता. लवकर केलेलं दुसरं लग्न जास्त मोडतं असं त्यातही निघालं नाही.

हे वाचून लगेच मित्रांना फोन करू नकोस. मुळात जे सावरलेले होते तेच लवकर पुढं गेले, की पुढं गेल्यामुळं सावरले, हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. आणि मला त्यात खटकतं ते वेगळंच. हे सगळं नव्या नात्यात शिरणाऱ्याचं बरं झालं का, याबद्दल आहे. त्याच्या शेजारी जी बसली होती तिला कसं वाटलं, तो प्रश्न वेगळा. तुझे मित्रही तो विचारत नाहीत. काट्यानं काटा काढा म्हणतात, पण दुसऱ्या काट्याचं पुढं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

तर थांबायचं किती? तू सांगलीचा आहेस, तुला हे मी सांगायला नको. ऑगस्टमध्ये आपण पाऊस थांबून किती दिवस झाले ते मोजतो का? आपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची, पाण्याची उंची दाखवणारी पट्टी बघतो. चाळीस फूट झालं की इशारा, पंचेचाळीस झालं की धोका. आणि खालच्या गल्लीतला माणूस आणखी एक गोष्ट बघतो, कोयनेतून विसर्ग किती चाललाय. सांगलीत कडक ऊन पडलेलं असतं आणि तरी पाणी चढतच असतं, कारण वरून सोडलेलं असतं. तुझे सात आठवडे म्हणजे ते ऊन आहे. रात्रीचे चॅट म्हणजे विसर्ग.

म्हणून पहिलं काम तेच. तो चॅट पुसून टाक असं मी म्हणणार नाही. चार वर्षं रागाच्या भरात पुसली की माणूस पंधरा दिवसांनी स्क्रीनशॉट शोधत बसतो. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ई-मेलवर पाठव आणि फोनमधून काढ. हवा तेव्हा आहे, पण अंथरुणात अंगठ्याखाली नाही. तिचं प्रोफाइल उघडून बघत असशील तर तेही बंद कर. पत्रात लिहिलं नाहीस, पण बघत असणारच. इंग्लंडमधल्या टारा मार्शल यांनी 2012 मध्ये 464 जणांवर केलेला अभ्यास आहे. जे जुन्या जोडीदाराच्या फेसबुकवर नजर ठेवून होते त्यांचा त्रास आणि ओढ दोन्ही जास्त होती. ओढ जास्त म्हणून बघतात की बघतात म्हणून ओढ राहते, हे तिथंही सुटत नाही. पण दोन्हींपैकी तुझ्या हातात बघणं तेवढं आहे.

आता पट्टी. मी तुझं पत्र दोनदा वाचलं. जुनी मैत्रीण पाऊस आला की बोलायची थांबते, भडंगात लिंबू पिळते, एमपीएससी करते. तिला मी पुण्यात कुठंही ओळखेन. आणि मिरजेची मुलगी? ती 'छान' आहे. बस्स. तीन भेटी झाल्या आणि तिच्याबद्दल एक शब्द. पुढचं वाक्य लगेच तुझ्यावर येतं, 'बरं वाटतं'. ती काय काम करते, कशाला हसते, तिला हरिपूर आवडलं का, यातलं काहीच पत्रात नाही. रिबाउंड म्हणतात तो हाच. जखमेवर लावलेलं फडकं कुठल्या रंगाचं होतं हे कोण लक्षात ठेवतो?

हे बदलतंय का ते बघायला एक वही कर. प्रत्येक भेटीनंतर, घरी पोहोचलास की, चॅट वाचायच्या त्या वेळेत, तिच्याबद्दल कळलेल्या तीन नव्या गोष्टी लिही. 'मला मोकळं वाटलं' हे धरायचं नाही, ते तुझ्याबद्दल झालं. 'जुन्यापेक्षा समजूतदार आहे' हेही धरायचं नाही, ती तुलना झाली. 'वडील एसटीत होते आणि अजून कुठल्याही गाडीत पुढच्याच सीटवर बसतात', हे चालेल. तीन-चार भेटींनंतर वही उघड. पानं भरत असतील तर तुला समोरचं माणूस दिसायला लागलंय. दर वेळी पेन हातात धरून आठवत बसावं लागत असेल तर पाणी उतरलेलं नाही, मग सात आठवडे होवोत नाहीतर सात महिने.

दोन प्रश्न आणखी. पहिला असा की हिच्याबरोबरचा फोटो स्टेटसला टाकला, पण पुण्यातली ती सोडून सगळ्यांना दिसेल असा टाकला, तर टाकायची हौस उरते का? बऱ्याच जणांची तिथंच संपते. नवं माणूस त्यांना जगायला नको असतं, दाखवायला हवं असतं. आणि दुसरा प्रश्न मोठा. आज रात्री पुण्याहून फोन आला, 'घरी पटवते, परत ये', तर? उत्तर माझ्यासाठी नको, स्वतःला दे. डोळ्यांसमोर लगेच पुण्याची गाडी आली असेल तर हिला पुढं भेटत राहू नकोस. तेव्हा सांगण्याची भाषाही निराळी होते. 'मी अजून तिकडंच आहे, तुला भेटत राहणं बरोबर नाही', इतकंच सांगायचं आणि थांबायचं. पण 'गेलो नसतो बहुतेक, पण रात्रभर झोप लागली नसती' असं उत्तर आलं तर मी तुला सहा महिने कोंडून घालणार नाही. नाव तोंडात येण्याचंही फार मनाला लावून घेऊ नकोस. चार वर्षांची जिभेची सवय आहे ती. मात्र हरिपूरला नेलंस ते चुकलं. ती जागा तुमची होती, हो ना? जिथं पूर्वी कधी गेला नाहीस अशाच ठिकाणी हिला भेट. जागा तिला निवडू दे.

आता सांगायचं. यावर माझं मत पक्कं आहे आणि ते अभ्यासातून आलेलं नाही. मी त्या दुसऱ्या खुर्चीत बसलेली आहे.

1994 साल. मी चोवीस वर्षांची, इथंच सांगलीत नोकरी करत होते. तो शिक्षक होता. शनिवारी संध्याकाळी भेटायचो. दर वेळी तो अबोलीचा गजरा आणायचा. मला अबोली आवडत नाही, वास नाही त्या फुलाला. पण कुणीतरी आपल्यासाठी गजरा आणतंय याचंच अप्रूप, मी निमूट माळायची. चार महिने असे गेले. संक्रांतीत त्याच्या बहिणीकडं हळदीकुंकवाला गेले. तिनं माझ्या केसांकडं बघितलं आणि सहज म्हणाली, "अय्या, तू पण अबोलीच माळतेस?"

त्या 'पण'नं सगळं सांगितलं. त्याच्या आधीच्या मैत्रिणीचं लग्न गणपतीआधी झालं होतं, मला तो भेटला गणपतीनंतर. विचारलं तर म्हणाला, "मी तुझ्याशी खोटं कधीच बोललो नाही." खरंच होतं ते. मी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. त्या चार महिन्यांत घरी आलेली दोन स्थळं मी काहीतरी खुसपट काढून परत पाठवली होती. त्यातलं एखादं जमलं असतं असं नाही. पण ती परत पाठवताना मला जे ठाऊक असायला हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं. त्या माणसावर आता राग नाही. गजऱ्यावर आहे.

म्हणून सांग. आणि पुढच्याच भेटीत सांग. चौथी भेट म्हणजे उशीर झालेला नाही. अजून तिनं मैत्रिणीपलीकडं कुणाला सांगितलं नसेल, घरी विषय काढला नसेल, तुम्ही एकमेकांच्या फार जवळ आला नसाल. यातलं काहीही घडल्यानंतर सांगितलंस तर ती माहिती राहत नाही, धक्का होतो. शिवाय सांगली-मिरज म्हणजे कितीसं अंतर. साखरपुड्यात ओळख झाली म्हणतोस, म्हणजे तिथल्या चार जणांना तुझं जुनं प्रकरण ठाऊक आहेच. तुझ्याकडून कळायच्या आधी तिला ते दुसऱ्याकडून कळलं तर तुझ्या खरेपणाला काही किंमत उरणार नाही.

फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. रात्री नको. आणि हे नीट लक्षात घे, तिला तुझ्या गाडीवर मागं बसवून नेशील तिथं नको. ऐकून तिला उठून जावंसं वाटलं आणि घरी सोडायला तूच लागलास, तर ती बिचारी गप्प बसेल आणि तू समजशील की पटलं. ती तिच्या स्कूटीवर येईल अशी वेळ, अशी जागा ठरव. चहाची ऑर्डर देऊन झाली की बोलायला लाग. मिठी मारून, रडून, हात हातात घेऊन बोलायची ही गोष्ट नाही.

बोलायच्या गोष्टी तीनच: कधी संपलं, आत काय उरलंय, आणि आज मी काय देऊ शकत नाही. तुझ्या तोंडी असं काहीसं बसेल:

"तुला एक सांगायचं राहिलंय. माझं चार वर्षांचं नातं जूनमध्ये संपलं. आम्ही आता बोलत नाही, पण ते माझ्या मनातून पूर्ण गेलेलं नाही. मधूनमधून आठवण येते, गेल्या आठवड्यापर्यंत मी जुने मेसेज वाचत होतो. तुला भेटायला मला आवडतं. पण त्यात तू किती आणि माझा एकटेपणा किती, हे मला आज नक्की सांगता येत नाही. दिवाळीपर्यंत मी घरी बोलण्याच्या, लग्नाच्या कुठल्याही गोष्टीला हो म्हणू शकणार नाही. तुला हे नको असेल तर मला समजेल. आज उत्तर द्यायची गरज नाही."

एवढंच. यात जुन्या मुलीचं नाव नाही, तिची बाजू नाही, तिच्या घरच्यांची जात नाही. तिला नावं ठेवून हिला बरं वाटेल असं समजू नकोस. जो चार वर्षांच्या माणसाबद्दल असं बोलतो तो उद्या माझ्याबद्दल काय बोलेल, हे कुठल्याही शहाण्या मुलीच्या मनात येतं. 'तुझ्यामुळं मी सावरलो' हे वाक्य तर गिळूनच टाक. ऐकायला गोड, पण ते बोलून तू तिला नोकरीला ठेवतोस. उद्या तिला तुला सोडायचं झालं तर तिला वाटेल की आजाऱ्याला टाकून चाललेय. आणि दिवाळीची तारीख का घातली ते सांगते. नुसतं 'मला थोडा वेळ दे' म्हणणं म्हणजे कोरा चेक मागणं, बँकेतल्या माणसाला हे समजावं. मुलगी पंचविशीच्या आसपासची असेल तर तिच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झालेली असणार, किंवा होणार. तुझ्या 'बघू या'चं भाडं ती भरते. किती महिन्यांचं भरायचंय हे तिला ठाऊक असू दे. आणि दिवाळीला तू स्वतः विषय काढ, तिनं आठवण करून द्यायची वेळ आणू नकोस.

ती काय करेल? प्रश्न विचारेल. कितीदा भेटायचात, फोटो आहे का, माझ्यासारखी दिसते का. जे तिच्या निर्णयाला लागतं ते सगळं खरं सांग: अजून संपर्क आहे का, परत जायची आशा आहे का. नुसतं कुतूहल असेल तिथं 'ते राहू दे' म्हटलंस तरी चालतं. ती उठून गेली तर जाऊ दे. रात्री बारा वाजता लांबलचक मेसेज पाठवून तिचं मन वळवू नकोस. ज्याची भीती वाटतेय म्हणालास ते झालं, तर ते चौथ्या भेटीत झालं, चौथ्या महिन्यात नाही.

ती 'चालेल' म्हणाली तर मात्र तुझं काम वाढतं. पुष्कळ जणांची गाडी इथंच घसरते. एकदा सांगून टाकलं की त्यांना परवाना मिळाल्यासारखं वाटतं. पुढं कधी तिला लागलं की 'मी तर आधीच सांगितलं होतं' हे हत्यार तयार. असं चालत नाही. तिनं 'चालेल' म्हणताना मनात 'होईल हळूहळू' असं धरलेलं असतं आणि ते ती बोलून दाखवत नाही. म्हणून महिन्या-दीड महिन्यानं तूच सांग, पट्टी कुठं आहे ते. उतरली असेल तर तसं, चढली असेल तर तसं. आणि चढणार आहे एखाद्या दिवशी, याची खात्री धर. पुण्याहून मेसेज येईल, किंवा तिचं लग्न ठरल्याचं कुणीतरी सांगेल. त्या दिवशी तुझा चेहरा उतरेल. ते हिला त्याच दिवशी सांग, दोन वाक्यांत. पण त्यावर रात्रभर बोलायला हिला बसवू नकोस, त्यासाठी मित्र आहेत. काट्याचा सल्ला देणाऱ्यांना थोडं कामाला लाव की. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, किंवा संध्याकाळी पिण्याकडं पाय वळत असतील, तर 14416 वर फोन कर. सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि अशा अवस्थेत असशील तर हिला भेटणं तोवर राहू दे.

बाकी तोपर्यंत आठवड्यातून एकदा भेटा, दिवसाउजेडी, नवीन ठिकाणी. रोज रात्री दोन दोन तास फोन नको. चॅट काढल्यावर जी पोकळी होते ती भरायला तोच वेळ वापरला जातो, आणि मग हिची सवय लागते आणि त्या सवयीला तू प्रेम म्हणायला लागतोस. तिच्या घरी, तुझ्या घरी, दिवाळीआधी जाणं-येणं नको. बहिणीला हे पत्र दाखवायला हरकत नाही, सहा महिन्यांचं तिला मीच समजावते.

आणि पुढच्या पत्रात त्या मुलीबद्दल लिही. भडंगात लिंबू घालते की नाही ते नको. ते जुन्या वहीतलं आहे.